गेरूवरचा हिरवा बाण: वारली शैलीतील फलक छपाईपूर्वी कसा तपासावा

प्रश्न: गोदाघाटावर लावण्यासाठी वारली शैलीत सूचनाफलक तयार केला आहे. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्या, सुरक्षित घाटाकडे नेणारा हिरवा बाण आणि खाली काळ्या पट्टीवर लाल अक्षरांत इशारा आहे. रंगांधळ्या माणसांना तो वाचता येईल का, हे छापण्याआधी कसे तपासावे?

आपल्या वर्णनावरून पांढऱ्या आकृत्यांची फारशी काळजी वाटत नाही. अडचण बाणाची आणि लाल इशाऱ्याची आहे, आणि दोघांची कारणे वेगवेगळी आहेत.

आधी बाण पाहू. गेरूसाठी #A0522D आणि हिरव्यासाठी #228B22 असे रंग आहेत, असे धरून चालतो; आपल्या फाइलमधले नेमके कोड रंग उचलण्याच्या साधनाने घ्यावेत. दोन रंगांमधील कॉन्ट्रास्ट मोजण्याचे वेब-सुगम्यतेच्या मानकातील सूत्र असे आहे:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

यात L1 हा दोहोंपैकी उजळ रंगाचा आणि L2 हा गडद रंगाचा उजळपणा असतो. कोड टाकले की हे गुणोत्तर काढून देणारी साधने फुकट मिळतात, त्यामुळे हाताने गणित करण्याची गरज नाही. साध्या मजकुरासाठी किमान ४.५, तर मोठी अक्षरे आणि अर्थ सांगणाऱ्या चिन्हांसाठी किमान ३ अपेक्षित असते. पांढरा आणि हा गेरू यांचे गुणोत्तर सुमारे ५.६ येते, म्हणजे आकृत्या सुखरूप आहेत. हिरवा आणि गेरू यांचे मात्र जेमतेम १.३ भरते. आपल्या डोळ्यांना तो बाण ठळक दिसतो तो केवळ रंगछटेमुळे. उजळपणात दोघे जवळपास सारखेच आहेत, आणि लाल-हिरव्यातील फरक ज्याला जाणवत नाही त्याच्यासाठी रंगछटेचा हा आधारच नाहीसा होतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममध्ये चित्र उघडून View → Display Filters मधून Color Deficient Vision निवडावे. त्यातील Deuteranopia, म्हणजे हिरव्याची जाणीव नसण्याचा प्रकार, लावला की बाण आणि गेरू दोन्ही जवळजवळ एकाच मातकट रंगाचे होतात. Protanopia मध्ये, म्हणजे लालाची जाणीव नसण्याच्या प्रकारात, गेरू अधिक काळवंडतो आणि म्हणून बाण थोडासा वर येतो. फक्त एकच प्रकार तपासून थांबू नये, ते यासाठीच. हा फिल्टर केवळ पडद्यावरचे दृश्य बदलतो, मूळ फाइलला धक्का लागत नाही. मोबाईलच्या सेटिंगमधील रंगदुरुस्तीची सोय मात्र या कामाची नाही, कारण ती रंगांधळ्या व्यक्तीच्या सोयीसाठी रंग बदलते. तिला काय दिसते, हे दाखवत नाही.

बाण #FFD700 या पिवळ्यात केला तर गेरूशी गुणोत्तर ४ च्या आसपास जाते. पण हाच पिवळा शेजारच्या पांढऱ्या आकृत्यांपासून उजळपणात फारसा वेगळा नाही (गुणोत्तर १.४), म्हणून बाण आकारानेच ओळखू यावा: जाड दांडा, मोठे टोक, भोवती मोकळी जागा आणि शेजारी ‘सुरक्षित घाट’ हे शब्द. वारलीच्या बारीक रेषांच्या गर्दीत बारीक बाण कोणत्याही रंगात हरवतो, हे वेगळे सांगायला नको.

आता इशारा. शुद्ध लाल (#FF0000) काळ्यावर ५.२५ गुणोत्तर देतो, म्हणजे कागदावर उत्तीर्ण होतो. पण हे सूत्र सर्वसाधारण दृष्टी गृहीत धरते. प्रोटॅनोपिया असलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांत दीर्घ तरंगलांबीला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी काम करत नसल्याने लाल रंग तिला पुष्कळ गडद दिसतो आणि काळ्या पट्टीवरची ती अक्षरे मळकट तपकिरी होऊन मागे सरतात. इशाऱ्यासारख्या मजकुरात हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. त्यापेक्षा पट्टी लाल ठेवून अक्षरे पांढरी करावीत. मात्र शुद्ध लालावर पांढऱ्याचे गुणोत्तर ४ च मिळते, म्हणून लाल थोडा गडद घ्यावा. मग लाल काळवंडून दिसला तरी वाचण्यात अडथळा येत नाही, उलट पांढरी अक्षरे अधिकच उठतात.

मजकूर चित्रावर चढवला असेल तर गुणोत्तर सरासरी पार्श्वभूमीशी न मोजता अक्षरांखालच्या सर्वांत प्रतिकूल जागेशी मोजावे, म्हणजे पांढऱ्या अक्षरांखाली जिथे गेरू सर्वांत फिकट आहे किंवा एखाद्या आकृतीची पांढरी रेष जाते, तिथे. देवनागरीत उकार आणि अनुस्वार सर्वांत आधी बुडतात, त्यामुळे तपासणी त्यांच्याजवळच करावी. जागा पुरत नसेल तर अक्षरांमागे गेरूचाच सपाट पट्टा द्यावा. शैली बिघडत नाही.

हे आकडे पडद्यासाठी ठरवलेले आहेत. फ्लेक्सवर शाई, चकाकी आणि घाटावरचे ऊन यांमुळे फरक आणखी घटतो, म्हणून किमान मर्यादेला चिकटून न राहता बरीच सवड ठेवावी, आणि पूर्ण छपाईपूर्वी बाण व इशारा यांचा एक लहान तुकडा त्याच फ्लेक्सवर छापून घेऊन तो दुपारच्या उन्हात, वाचणारा जितक्या अंतरावर उभा असेल तितक्याच अंतरावरून पाहावा. ओळखीत लाल-हिरवा न ओळखणारे कोणी असेल, तर हा तुकडा त्यांना अवश्य दाखवावा. फिल्टर लाल-हिरव्यातील फरक मुळीच न जाणवणाऱ्याला काय दिसेल याचा अंदाज देतो, पण बहुतेकांची अडचण त्याहून सौम्य असते आणि व्यक्तीगणिक बदलते.