कर्त्याची सही आणि कर्त्याचे कारण

आमची आठ एकर जमीन वडिलांच्या नावावर आहे. त्यांनी दोन एकरांचा सौदा ठरवला, मला विचारलेही नाही. माझे लग्न २००१ साली झाले. विक्रीवर स्टे मिळेल का?

ताई, आधी हे पाहा की जमीन वडिलांकडे आली कशी. ‘आजोबांची, म्हणजे वडिलोपार्जित’ हे गृहीत धरूनच बरेच दावे दाखल होतात आणि तिथेच फसतात. आजोबांनी ती स्वतः विकत घेतली असेल आणि १७ जून १९५६ नंतर मृत्युपत्र न करता ते वारले असतील, तर वारसाने आलेला हिस्सा ही वडिलांची स्वतःची मिळकत ठरते. त्यात तुमचा जन्मसिद्ध हक्क नाही. पण आजोबांच्या हाती ती त्यांच्या वाडवडिलांकडून आली असेल, तर ती सहदायकीची मिळकत होते, म्हणजे तिच्यात मुलामुलींचा जन्मानेच हक्क असतो. जुने फेरफार काढा. त्यातली ‘वारसाने’, ‘खरेदीने’, ‘वाटपाने’ ही नोंद तुमच्या वकिलाला बरेच काही सांगेल.

जमीन सहदायकीची निघाली, तर तुमचे लग्न आड येत नाही. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की मुलगी जन्मानेच सहदायक असते. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री आणि वाटण्यांना धक्का लागत नाही.

आता स्टेबद्दल. केवळ ‘वडिलांना विकू देऊ नका’ एवढ्याच मागणीचा मनाईचा दावा सहसा टिकत नाही. सुनीलकुमार खटल्यात १९८८ साली ठरले की कर्त्याला, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्याला, विक्रीआधी सहदायकांची परवानगी लागत नाही. विक्री झाल्यावर तिला आव्हान द्यायचे. मिळकतीची नासाडी चालली असेल किंवा तुम्हाला हक्कातूनच बाहेर काढले जात असेल, तर गोष्ट वेगळी. हे अनेकांना अन्यायाचे वाटते आणि मला ते समजते.

म्हणून माझा सल्ला असा की नुसती मनाई मागू नका, वाटपाचा आणि स्वतंत्र ताब्याचा दावा करा आणि त्यातच तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्या. मला वेगळे व्हायचे आहे, असे तुम्ही स्पष्टपणे कळवले की तुमच्या हिश्श्यापुरता एकत्रपणा संपतो आणि तो हिस्सा कर्ता म्हणून विकण्याचा आधारच वडिलांकडे उरत नाही. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे खरेदीदाराला म्हणता येणार नाही.

मी दोन एकर २४ लाखांना घेतोय. सात-बारावर विकणाऱ्या कुटुंबातल्या थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून आहे. तो म्हणतो, मी कर्ता आहे, माझी एकट्याची सही पुरे. माझे वकील म्हणतात, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या घ्या. खरे कोणाचे?

सही पुरते, कारण लागते. कर्त्याच्या अधिकाराचा सगळा अर्थ यात आहे. कर्ता एकट्याच्या सहीने विकू शकतो, पण कुटुंबाच्या कायदेशीर गरजेसाठी, मिळकतीच्या हितासाठी किंवा अपरिहार्य धर्मकार्यासाठीच. दवाखाना, घरातले लग्न, कुटुंबाचे कर्ज, सरकारी थकबाकी ही गरज. भाव चांगला आला हे एकटे कारण पुरत नाही. बालमुकुंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली तसा करार अमलात आणू दिला नाही.

गरज होती, किंवा निदान तुम्ही प्रामाणिकपणे चौकशी केली होती, हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर असतो. हे तत्त्व १८५६ सालचे, हनुमान प्रसाद खटल्यातले, आणि आजही तेच लागू आहे. खरेदीखतात ‘कौटुंबिक अडचणीसाठी’ असे लिहून घेतल्याने काम भागत नाही. पंधरा वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात ते वाक्य एकटेच उभे राहते.

तुमचेच उदाहरण घेऊ. समजा, विकणारा म्हणतो, सोसायटीचे कर्ज ९ लाख, वडिलांच्या शस्त्रक्रियेचे ७ लाख आणि बहिणीच्या लग्नाची देणी ५ लाख. सोसायटीचा थकबाकी दाखला, दवाखान्याची बिले आणि सावकाराची चिठ्ठी यांच्या प्रती मागून घ्या. २१ लाख कागदावर आले, ३ लाखांचा पत्ता नाही, म्हणून विक्री मोडत नाही. ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलपुढे १९२७ साली ३,५०० रुपयांच्या विक्रीतले ३,००० गरजेचे ठरले होते आणि विक्री टिकली. पैसा पुढे कुठे गेला हे तुम्ही पाहत बसायचे नाही. उलट कागद ४ लाखांचेच असतील, तर २४ लाखांची जमीन का विकतोय, हा प्रश्न न्यायालयाच्या आधी तुम्हीच विचारा. जमल्यास सोसायटीचे पैसे थेट सोसायटीच्या खात्यात भरा आणि पावती खताला जोडा.

‘ए.कु.मॅ.’ या शेऱ्याने मात्र निर्धास्त होऊ नका. एकत्र कुटुंब मॅनेजर ही महसुली नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बाप वारल्यावर थोरल्याचे नाव लावले आणि बहिणींची नावे फेरफारात आलीच नाहीत, असे मी वारंवार पाहिले आहे. बापाकडून वारसा हक्काने बहिणींना मिळालेला हिस्सा त्यांचा स्वतंत्र असतो, त्यावर भावाची कर्तेपणाची सही चालत नाही. म्हणून तुमचे वकील बरोबर आहेत: कायद्याने प्रत्येक वेळी लागत नसल्या तरी सगळ्या सज्ञान हिस्सेदारांच्या सह्या घ्या.

धाकट्या भावाने वाड्यातला आपला न वाटलेला हिस्सा परक्या माणसाला विकला. तो म्हणतो, मी खोली ताब्यात घेणार.

आपल्या मुंबई प्रांताच्या परंपरेत एखादा सहदायक आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकू शकतो, बाकीच्यांची संमती नसली तरी. हिंदू कायद्याच्या बनारस शाखेत तसे चालत नाही. त्यामुळे विक्री रद्द होणार नाही. पण घेणाऱ्याला मिळतो तो फक्त वाटप मागण्याचा हक्क. अमुक खोली त्याची, असे नाही. राहते घर असेल तर संपत्ती हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ त्याला तुमच्यासोबत ताबा नाकारते. कुलूप तोडायला आला तर दिवाणी मनाई मागा. तो वाटपाचा दावा घेऊन आला, की वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ खाली अर्ज करा. त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तुम्ही विकत घेऊ शकता. पैशांची सोय आतापासून करून ठेवा.

वडिलांनी एकत्र कुटुंबाची दहा गुंठे जमीन प्रेमापोटी भाच्याला बक्षीसपत्राने दिली. हे चालते का?

नाही. प्रेमापोटी दिलेले दान हे धर्मकार्य नव्हे, आणि सगळ्या सहदायकांच्या संमतीशिवाय ते टिकत नाही, असा २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कुटुंबाच्या ऐपतीला शोभेल असा लहानसा तुकडा मुलीला देणे जुन्या निकालांनी मान्य केले होते, पण भाच्याला ती सवलत नाही. भाच्याने ताबा घेतल्या तारखेपासून बारा वर्षांच्या आत दावा करा. ताब्याची तारीख सात-बाराच्या पीक पाहणीत सापडेल.