रजेचा दर एक, नोटिशीचा दर दुसरा

प्रश्न : पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मी नोव्हेंबर २०२० पासून अकाउंट्समध्ये होते. २ मे रोजी राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची होती, पण घरच्या अडचणीमुळे ३८ दिवसांतच, ८ जूनला बाहेर पडले. आता हिशेबाचा कागद आलाय : ८ दिवसांचा पगार १६,०००, रजेचे १८ दिवसांचे १८,०००, नोटिशीची वसुली ४४,०००, त्यावर जीएसटी ७,९२०. म्हणजे मीच १७,९२० देणं लागते आणि ते माझ्या १,०३,८४६ ग्रॅच्युइटीतून कापलेत. एकूण पगार ६०,०००, बेसिक ३०,०००. मार्चच्या स्लिपवर माझ्या २७ रजा दिसत होत्या. सही करून देऊ का?

उत्तर : ताई, सही थांबवा. तुमच्या कागदावरची बेरीज बरोबर आहे, घोळ दरांत आहे.

रजेचा एक दिवस कंपनीने १,००० रुपयांना धरला, म्हणजे बेसिकला ३० ने भागून. न भरलेल्या नोटिशीचा एक दिवस मात्र २,००० ला, एकूण पगाराला ३० ने भागून. कंपनीने तुम्हाला द्यायच्या दिवसाची किंमत निम्मी आणि तुमच्याकडून घ्यायच्या दिवसाची दुप्पट. हे आपोआप बेकायदा ठरत नाही, कारण दोन्ही दर नेमणूकपत्र आणि रजेच्या नियमांवर ठरतात. म्हणून ती दोन कलमं आधी काढून वाचा. नोटिशीच्या कलमात 'बेसिक' असा शब्द असेल तर वसुली २२,००० च्या वर जाऊ शकत नाही. 'एकूण पगार' असं स्पष्ट लिहिलं असेल तर कंपनीची बाजू बळकट आहे. नुसतं 'पगार' लिहून सोडलं असेल, तर रजेला जो अर्थ लावला तोच नोटिशीलाही लावा, असा आग्रह धरा.

त्याच नियमांत आणखी एक ओळ शोधा : शिल्लक रजा नोटिशीत वळती करता येते का? अनेक कंपन्यांत येते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. तशी सोय असेल आणि कंपनीने २७ रजा मान्य केल्या, तर त्यांपैकी २२ रजा नोटिशीत जातील, वसुली शून्य होईल आणि ५ रजांचे ५,००० उरतील. पगार धरून २१,००० तुमच्या हातात. हा तुमचा कायदेशीर हक्क नाही, नियमात असेल तरच मिळेल.

रजा २७ च्या १८ कशा झाल्या, हे कंपनीला लेखी विचारा. ९ दिवस 'लॅप्स' झाले असं उत्तर आलं, तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ दाखवा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, तुमच्यासारखं कारकुनी काम करणाऱ्याची अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. हे संरक्षण कायद्याने मिळणाऱ्या रजेला आहे, म्हणजे कामाच्या दर २० दिवसांमागे एक. त्यावर कंपनीने आपणहून दिलेल्या जादा रजेला कंपनीचे नियम लागू होतात.

जीएसटीच्या ओळीवर मात्र चर्चेची गरज नाही. नोटीस न भरल्याबद्दलच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक १७८/१०/२०२२, केला आहे. तो क्रमांक ईमेलमध्ये लिहा आणि ७,९२० काढून टाका म्हणा.

ग्रॅच्युइटीचा आकडा बरोबर आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेपाच वर्षांवरची तुमची नोकरी सहा वर्षं : ३०,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६. पण त्यातून नोटिशीचे पैसे कापण्याला माझा स्पष्ट आक्षेप आहे. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत, आणि ती गैरवर्तन किंवा नुकसानीमुळे कामावरून काढलेल्या माणसासाठी आहेत. राजीनामा देणाऱ्यासाठी नाहीत. नोटिशीचं काही येणं असेलच, तर कंपनीने ते वेगळं मागावं. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. उशीर झाला तर व्याज मागा.

आता ईमेल लिहा. त्यात चारच मागण्या : रजेचा वर्षवार खातेउतारा, नोटिशीच्या दराचं कलम, जीएसटी रद्द, ग्रॅच्युइटी पूर्ण. आठ दिवसांच्या पगारासाठी वेतन संहितेचा आधार घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे आणि राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायला सांगते. पंधरा दिवसांची मुदत द्या. पैसे दरम्यान खात्यात आले तर घ्या, पण 'संपूर्ण व अंतिम मान्य' असं लिहिलेल्या कागदावर सही करायचीच वेळ आली तर 'हक्क राखून स्वीकारले' असं स्वहस्ते लिहून त्याचा फोटो ठेवा. उत्तर आलं नाही तर ग्रॅच्युइटीसाठी सरकारने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

कागदावर टीडीएसची ओळ असेल तर तीही तपासा. नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशांवर खासगी नोकरदाराला आयुष्यभरात एकूण २५ लाखांपर्यंत, ठरलेल्या हिशेबाने, करसवलत मिळते. तुमची रक्कम त्यापेक्षा फारच लहान आहे. तरी कर कापला असेल, तर रिटर्न भरताना परत मागा.