नॉमिनी आई, मुखत्यार मुलगा, तरी खातं बंदच

‘वडील ७४ वर्षांचे, केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त. पंधरवड्यापूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात हलत नाही, बोलता येत नाही, पण आम्हाला ओळखतात, विचारलं की मान हलवतात. सगळ्या खात्यांची, ठेवींची, विम्याची फाईल त्यांनी नीट लावून ठेवली आहे. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी आई आहे. माझ्या नावे २०२१चं कुलमुखत्यारपत्रही केलेलं आहे. तरी बँक म्हणते, सही जुळत नाही, पैसे देता येत नाहीत. एवढी फाईल असून उपयोग काय?’ — एक वाचक, सातारा

फाईलचा उपयोग आहे, पण तुम्ही तिच्यातला चुकीचा कागद पुढे करताय. नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. वडील हयात आहेत तोवर, नॉमिनी म्हणून, आईंना त्या खात्यातला रुपयाही काढता येणार नाही, आणि यात बँकेचं काही चुकत नाही. दर महिन्याला चार-पाच पत्रं याच गैरसमजाची येतात.

फाईल उघडा आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर, तसंच प्रत्येक ठेव पावतीवर ‘खाते चालवण्याची पद्धत’ अशी ओळ आहे का पाहा. तिथे ‘सेल्फ’ असेल, किंवा फक्त वडिलांचं नाव असेल, तर सहीचा अधिकार त्यांचा एकट्याचा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं, तर आई कोणाला न विचारता बचत खात्यातून पैसे काढू शकल्या असत्या. तुमच्या पत्रात प्रत्येक ठिकाणी नॉमिनी लिहिला आहे, पद्धत एकाही ठिकाणी नाही. त्या फाईलमध्ये हाच रकाना नव्हता, असं मी धरून चालतो.

आता आजच्या अडचणीकडे. तुमच्या पत्रात सगळं ठरवणारं अर्धं वाक्य एकच आहे: ‘विचारलं की मान हलवतात.’ वडिलांना समजतं की नाही, यावर पुढचे दोन्ही रस्ते अवलंबून आहेत. समजत असेल, तर काम बँकेतच होईल. समजत नसेल, तर उच्च न्यायालयात जावं लागेल. आणि हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, मेंदूविकारतज्ज्ञांनी लेखी द्यायचं आहे. पक्षाघातात काही रुग्णांचं फक्त बोलणं जातं, समज शाबूत राहते. काहींची समजच जाते आणि ते प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतात. तपासायची साधी रीत म्हणजे, ज्याचं खरं उत्तर ‘नाही’ आहे असाही प्रश्न विचारायचा. ‘तुम्ही पुण्यात राहता का?’ यालाही होकार आला, तर त्या मानेवर विसंबून कोणत्याही कागदावर अंगठा घेऊ नका. पुढे भावंडांपैकी कोणी हरकत घेतली, तर तो अंगठा तुमच्यावरच उलटेल.

समज शाबूत असेल, तर डॉक्टरांचा दाखला नेमका हवा. रुग्णालयं सहसा ‘रुग्ण दाखल असून सही करण्यास असमर्थ आहे’ एवढंच लिहून देतात आणि शाखेला त्यात फक्त ‘असमर्थ’ दिसतं. दाखल्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: रुग्ण शुद्धीवर आहे, त्यांना विचारलेलं कळतं आणि ते होकार-नकार सुसंगतपणे देतात, सही न करता येण्याचं कारण उजव्या हाताचा पक्षाघात हे आहे. खाली तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. दाखला ताजा असू द्या. या आजारात प्रकृती आठवड्यात पालटते आणि शाखाधिकारी जुन्या कागदावर जोखीम घेत नाही.

मग शाखेला लेखी अर्ज द्या. आजारी आणि अपंग खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि शाखेतल्या काउंटरवर त्या माहीत असतीलच असं नाही. खातेदाराला सही करता येत नसेल, तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. तो दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा. ते बँकेच्या माहितीतले हवेत आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. अंगठाही उमटवता येत नसेल, तर धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या फॉर्मवर नुसती खूण चालते, साक्षीदारांची अट तीच. प्रत्यक्ष रक्कम कोण नेणार हेही खातेदाराने दाखवायचं, आणि त्या माणसाचीही दोन साक्षीदारांनी ओळख पटवायची. घरचा माणूस साक्षीदार करू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, बँक बहुधा हरकत घेत नाही.

अर्जात खाते क्रमांक, रुग्णालयाचं नाव, वॉर्ड आणि खाट लिहा, दाखला जोडा, आणि ‘अधिकाऱ्याने रुग्णालयात येऊन ओळख पटवावी’ अशी स्पष्ट विनंती करा. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका. तोंडी ‘बघतो’ला काही किंमत नाही. शाखेने टोलवाटोलवी केली तर त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. ते ३० दिवस बँकेकडे लेखी तक्रार केल्यापासून मोजले जातात. पहिले दोन आठवडे लोक फोनवर भांडण्यात घालवतात आणि मग माझ्याकडे येतात.

अधिकारी येईल त्या एकाच खेपेत फक्त पैसे काढण्याचा फॉर्म पुढे करू नका. आईंचं नाव खात्यात जोडण्याचा आणि पद्धत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करण्याचा अर्जही तयार ठेवा, आईंची केवायसी कागदपत्रं, फोटो आणि नमुना सह्यांसह. हे बँक मान्य करेलच असं खात्रीने सांगत नाही. काही शाखा पैसे देतात, पण खात्यात बदल करायला कचरतात. पण विचारायची संधी हीच आहे. निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होतं, तेही केंद्राच्या निवृत्तांना पती-पत्नीच्या संयुक्त नावे ठेवता येतं.

कुलमुखत्यारपत्राबद्दल थोडं रागावूनच लिहितो. २०२१मध्ये केलंत आणि बँकेत कधी नोंदवलंच नाही, असं पत्रावरून दिसतं. वडील ठणठणीत असताना एकदा शाखेत नेऊन दिलं असतं, तर ते आज कामाला आलं असतं. आणि करार कायदा, १८७२च्या कलम २०१प्रमाणे अधिकार देणारा माणूस विकल मनाचा झाला की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ती हातातून जाते. वडिलांची समज शाबूत असल्याचा दाखला मिळाला, तर तोच दाखला जोडून मुखत्यारपत्र आता नोंदवा. मिळाला नाही, तर ते कुठेही वापरू नका.

वडिलांचं एटीएम कार्ड आणि पिन घरात कोणाला तरी माहीत असेलच. औषधांपुरते काढलेल्या पैशांवरून कोणी खटला भरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बँकेच्या अटींत ते बसत नाही, आणि दुर्दैवाने वडील गेले तर त्या क्षणापासून कार्डाला हात लावायचा नाही. आतापर्यंत काढलं असेल, तर प्रत्येक रकमेची पावती जपा.

मुदत ठेवींचं गणित वेगळं आहे, आणि तिथे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ही पुरत नाही. त्या पद्धतीत मुदत संपल्यावर पैसे कोणा एकाच्या सहीने मिळतात, पण मुदतीआधी ठेव मोडायला बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. समजा पाच लाखांची पाच वर्षांची एकच पावती आहे आणि तिची तीन वर्षं बाकी आहेत. दुसरी सही रुग्णालयात अडकली, की ते पाच लाख घरात असूनही नसल्यासारखे. तेच पाच लाख एकेका लाखाच्या पाच पावत्यांत, दर काही महिन्यांनी एक मुदत संपेल असे ठेवले असते, तर निदान एक पावती हाताशी आली असती. शिवाय पावतीवर ‘मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण’ असेल, तर पैसे हाती न येता पुन्हा गुंततात. वडिलांच्या पावत्यांवर ही सूचना काय आहे ते आजच बघा. एखादीची मुदत येत्या काही दिवसांत संपत असेल, तर अंगठ्याच्या त्याच खेपेत ती रक्कम बचत खात्यात जमा करण्याची सूचना द्या.

वैद्यकीय विम्यात मुद्दा तारखेचा आहे. रुग्णालयात दाखल झाल्याचं किती तासांत कळवायचं, हे तुमच्या पॉलिसीतच वाचा. तातडीने दाखल व्हावं लागलं तर बहुतेक पॉलिसींत २४ तास असतात. ते उलटून गेले असले तरी कळवा. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना बजावलेलं आहे. उशिराचं कारण मात्र लेखी द्या. कॅशलेस मिळत असेल तर तेच घ्या. आधी बिल भरून नंतर दावा केलात, तर परताव्याचे पैसे सहसा पॉलिसीधारकाच्या खात्यात येतात, म्हणजे पुन्हा त्याच अडकलेल्या खात्यात.

समजच गेली असेल, तर नात्यातल्या माणसाला पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६खाली याचिका करावी लागते. कोमातल्या प्रौढ माणसाचा पालक कसा नेमायचा, याचा सरळ कायदाच आपल्याकडे नाही. न्यायालयांनीच वाट काढली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, मुंबई उच्च न्यायालयानेही असे पालक नेमले आहेत. किती दिवस लागतील ते मी सांगणार नाही. सरकारी रुग्णालयाचा वैद्यकीय अहवाल वेळेत आला नाही की तारखा पडत जातात. सगळ्या वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रं आणि मालमत्तेची पूर्ण यादी याचिकेसोबत लागते. वडिलांनी लावलेली फाईल तिथे तुमचे अनेक आठवडे वाचवेल.

तीच फाईल आता दुरुस्त करा, आणि आईंच्या नावच्या खात्यांचीही तशीच करा, कारण चूक तिथेही असणार. वर एक पान लावा. प्रत्येक खात्यापुढे शाखा, शेवटचे चार अंक, पद्धत, नॉमिनी, ठेवीची मुदत व नूतनीकरणाची सूचना, आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक. विम्यापुढे हप्त्याची तारीख आणि तो कोणत्या खात्यातून कापला जातो ते. पासवर्ड आणि पिन त्या पानावर लिहायचे नाहीत. मूळ पॉलिसी एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये असेल तर आधी बाहेर काढायची सोय करा. लॉकरचा नॉमिनीही मृत्यूनंतरचाच.

हप्त्याची तारीख आजच तपासा. वैद्यकीय विम्याच्या वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, पण त्या मधल्या काळात, हप्ता भरलेला नसताना, झालेल्या खर्चावर कंपनी हात वर करू शकते. हप्ता भरायला वडिलांचंच खातं लागत नाही. तुमच्या खात्यातून भरा आणि पावती त्याच फाईलला लावा.