सहा फंड, पण पडताना एकच

"माझ्याकडे सहा वेगवेगळे फंड आहेत. निर्देशांक, फ्लेक्सी कॅप, मिड कॅप, फार्मा, आयटी आणि एक अमेरिकेचा. अंडी एका टोपलीत ठेवू नका म्हणतात, म्हणूनच तर एवढे घेतले. मग गेल्या पडझडीत सगळेच्या सगळे लाल कसे झाले? माझं कुठे चुकलं?"

नाशिकच्या एका शिक्षिकेने हे विचारलं. मुलीच्या उच्च शिक्षणाला दोन वर्षं उरली होती आणि त्याची फी याच पैशांतून भरायची होती. मी त्यांना सांगितलं, "ताई, फंड निवडताना तुमचं काहीच चुकलं नव्हतं. घेतले तेव्हा ते खरोखर वेगळे वागत होते. पुढे ते एकसारखे वागायला लागले आणि तेव्हा बाजार चढत असल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांत आलं नाही."

सगळे फंड एकाच वेळी हिरवे असतात तेव्हा कोणी तक्रार करत नाही. पण सहसंबंधाला, म्हणजे दोन फंड किती एकत्र हलतात ते दाखवणाऱ्या आकड्याला, दिशा नसते. तो १ च्या जितका जवळ, तितकी दोघांची चाल सारखी. एकत्र चढणं आणि एकत्र पडणं त्याच्या लेखी सारखंच. म्हणून तो तपासायची खरी वेळ चांगल्या दिवसांतच असते.

आम्ही त्यांच्या फंडांची शुक्रवारची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, म्युच्युअल फंडांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावरून उतरवली आणि प्रत्येक फंडाचा आठवड्याचा टक्केवारी बदल काढला. सहसंबंध या बदलांचा काढायचा, थेट एनएव्हीचा नाही. चार वर्षांत वर गेलेल्या कुठल्याही दोन गोष्टींच्या किमती एकमेकींशी जुळलेल्याच दिसतात. बदल साप्ताहिक घेण्यालाही कारण आहे. आपला बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि अमेरिकेचा आपल्या संध्याकाळनंतर उघडतो. रोजचे आकडे घेतले तर तिथली पडझड एक दिवस मागे सरकते आणि अमेरिकेचा फंड उगाचच वेगळा भासतो.

मग ५२ आठवड्यांची खिडकी धरायची आणि दर शुक्रवारी ती एक ओळ खाली सरकवायची. एका जोडीसाठी शीटमध्ये सूत्र एवढंच:

```
=CORREL(B2:B53,C2:C53)
```

सहा फंडांच्या पंधरा जोड्या होतात. त्या पंधरा आकड्यांची सरासरी दर आठवड्याला नोंदवली की एक रेघ तयार होते. ताईंच्या फाइलमध्ये ही रेघ सुरुवातीला ०.४५ च्या आसपास होती आणि पडझडीच्या आधी ०.७१ वर पोचली होती. अर्थ कळावा म्हणून मी त्यांच्यासमोर एक साधा हिशेब केला. सगळ्या फंडांत सारखे पैसे आहेत आणि प्रत्येकाचे चढउतार सारख्याच आकाराचे आहेत असं धरलं, तर सहा फंड प्रत्यक्षात किती स्वतंत्र फंडांचं काम करतात ते असं निघतं:

```
6 / (1 + 5 × 0.45) = 1.85
6 / (1 + 5 × 0.71) = 1.32
```

म्हणजे सुरुवातीलाही सहा फंडांचं बळ जेमतेम दोनाइतकं होतं, आणि पुढे तेही सव्वा-दीडच्या मध्ये आलं. त्या बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिल्या. "मग मी सहा फंडांचे हप्ते कशाला भरत होते?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. निर्देशांक, फ्लेक्सी आणि मिड कॅप यांचा आपसातला सहसंबंध तर पहिल्यापासूनच ०.८ च्या वर होता. वेगळेपण आणत होते ते फार्मा, आयटी आणि अमेरिकेचा फंड, आणि नेमके तेच हळूहळू बाकीच्यांच्या चालीने चालू लागले होते.

आता इशारा कधी वाजवायचा? इथे लोक फार घाई करतात. ५२ आठवड्यांवरून काढलेला एका जोडीचा आकडा ०.५ असेल, तर खरा आकडा ०.३ ते ०.७ यांत कुठेही असू शकतो. म्हणून एकेका जोडीवर इशारा लावला तर तो सतत वाजत राहतो आणि महिन्याभरात माणूस त्याकडे बघणंच सोडून देतो. आम्ही इशारा सरासरीवर लावला. ती सलग चार आठवडे ०.६५ च्या वर राहिली तर शीटमधला रकाना लाल होतो आणि ०.५५ च्या खाली उतरल्याशिवाय पुन्हा हिरवा होत नाही. दोन वेगळ्या पातळ्या ठेवल्या नाहीत तर रेघ ०.६५ भोवती घोटाळत राहते आणि इशाराही तिच्याबरोबर दर आठवड्याला बदलतो.

आणखी एक फसगत टाळायला हवी. मार्च २०२० सारखा एखादा भयंकर आठवडा खिडकीत असला की सरासरी उंच जाते. बरोबर वर्षभराने तो आठवडा खिडकीबाहेर पडतो आणि बाजारात काहीही न बदलता रेघ धाडकन खाली येते. त्याला विविधता परतली असं समजायचं नाही. म्हणून शेजारच्या रकान्यात सर्वांत वाईट दोन आठवडे वगळून तीच सरासरी काढलेली असते. ताईंच्या फाइलमध्ये ते दोन वगळूनही आकडा ०.६६ होता. म्हणजे दोष एखाद्या आठवड्याचा नव्हता, चालच बदलली होती.

पुढची तपासणी फंडांच्या पोटातली. म्युच्युअल फंडांना दर महिन्याला आपल्या गुंतवणुकीची पूर्ण यादी जाहीर करावी लागते. फार्मा आणि आयटी फंडांत शेअर तेच जुने होते, म्हणजे फंड व्यवस्थापकाने काही बदललं नव्हतं. सगळ्या शेअर बाजारावर एकाच कारणाचा जोर होता. अशा वेळी एक शेअर फंड काढून दुसरा शेअर फंड घेण्यात काही हशील नसतं. वेगळ्या कारणाने हलणारी गोष्ट आणावी लागते.

रोखे आणले की काम झालं, असंही नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे १८ टक्के पडला आणि तिथला व्यापक रोखे निर्देशांक सुमारे १३ टक्के. महागाईमुळे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, व्याजदर वर्षभरात जवळजवळ शून्यावरून साडेचार टक्क्यांपर्यंत नेला, आणि दर चढले की लांब मुदतीचे रोखे पडतात. शेअर आणि रोखे दोघांनाही एकाच कारणाने मार बसला. म्हणून फीचे पैसे आम्ही अल्प मुदतीच्या डेट फंडात वळवले. तिथे दरवाढीचा फटका फार थोडा बसतो.

सगळं एकदम विकलं नाही. भारतीय शेअर फंडांवरच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के कर लागतो, म्हणून विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागली. मिड कॅपचा हप्ता थांबवून तो सोन्याच्या फंडाकडे वळवला.

ताईंनी शेवटी विचारलं, की हा इशारा पुढच्या पडझडीच्या आधी वाजेल का. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. ५२ आठवड्यांच्या रेघेला तो दिवस आदल्या शुक्रवारी कळणं शक्यच नव्हतं. महिनोन्‌महिने चाललेला बदल ही रेघ पकडते, एका दिवसाचा घाव नाही. त्या घावासाठी फीचे पैसे शेअर बाजाराबाहेर असणं हाच उपाय, आणि ते आम्ही सगळ्यांत आधी केलं. नवे डेट आणि सोन्याचे फंड धरून त्यांची सरासरी आता ०.४ च्या खाली आहे, पण शेअर फंडांची वेगळी रेघ अजून लालच आहे. ती शुक्रवारी त्या स्वतः भरतात.