आयटी हेल्पडेस्कला लॅपटॉपची तक्रार: काळ कुठे चुकतात आणि काय लिहावं

प्रश्न: ऑफिसच्या आयटी हेल्पडेस्कला ही तक्रार पाठवायची आहे: ‘माझा लॅपटॉप सोमवारपासून बंद पडला. बॅटरी ४० टक्के दाखवत होती तरी बंद होत आहे. चार्जर लावतो तेव्हा चालू झाला. रिस्टार्ट करून बघतो पण फरक पडला नव्हता. लवकरात लवकर प्रॉब्लेम सॉल्व्ह करावा.’ यातले काळ आणि शब्द सुधारून द्याल का?

उत्तर: सगळ्यात जास्त घोळ पहिल्या वाक्यात आहे. ‘सोमवारपासून’ म्हटलं की पुढे चालू असलेली गोष्ट यायला हवी, आणि ‘पडला’ म्हणजे एकदाच घडून गेलेली. वाचणाऱ्याला कळत नाही की लॅपटॉप आत्ता सुरू आहे की नाही, आणि त्याला नेमकं तेच आधी ठरवायचं असतं. ‘बंद पडला आहे’ असं लिहिलंत तर तो अजून बंदच आहे असा अर्थ होतो, मग पर्यायी लॅपटॉपची सोय बघावी लागते. ‘बंद पडला होता’ म्हणजे नंतर सुरळीत झाला. अशी तक्रार न तपासताच बंद केली जाऊ शकते. तुमचा लॅपटॉप अधूनमधून बंद पडून परत सुरू होतो. त्यासाठी ‘बंद पडतो’ हेच रूप.

यावरून बाकीची वाक्यंही सुधारता येतात. लॅपटॉप वारंवार जे करतो ते ‘पडतो, होतो, दाखवतो’ असं लिहा. तुम्ही करून झालेले उपाय भूतकाळात लिहा: ‘रिस्टार्ट केला, फरक पडला नाही’. ‘पडला नव्हता’ लिहिलं की नंतर पडला असावा असं वाटतं.

शब्दांपैकी ‘बंद होत आहे’ मला सगळ्यात जास्त खटकतं. स्क्रीन काळी होणं, स्लीपमध्ये जाणं, हँग होणं आणि वीज गेल्यासारखं क्षणात बंद पडणं या चारही गोष्टींना लोक ‘बंद होतो’ म्हणतात, पण चौघांची कारणं निराळी. ‘कोणतीही सूचना न येता क्षणात बंद पडतो, पॉवरचा दिवाही विझतो’ असं लिहिलं की शंका उरत नाही.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय बॅटरीवर जातो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो. व्हिडिओ कॉलसारखा भार आला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि टक्के शिल्लक दिसत असतानाही लॅपटॉप बंद पडतो. पुरावा जोडायला कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे सेव्ह झाली तो पत्ता तिथेच दिसतो. त्यात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे बघा. समजा ५०,००० आणि २१,००० निघाले, तर बॅटरीची क्षमता मूळच्या ४२ टक्केच उरली आहे.

बंद पडल्याच्या वेळेसाठी Event Viewer उघडून Windows Logs मधल्या System मध्ये 41 आणि 6008 क्रमांकाच्या नोंदी शोधा. 41 ची नोंद लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर होते, त्यामुळे तिची वेळ तक्रारीत टाकू नका. बंद पडल्याची वेळ 6008 च्या मजकुरात असते. लॅपटॉप अचानक बंद पडला एवढंच या नोंदींवरून सिद्ध होतं, कारण मात्र कळत नाही.

आता पूर्ण तक्रार. आकडे आणि वेळा नमुन्याच्या आहेत, तुमच्या टाका:

> विषय: चार्जर काढल्यावर लॅपटॉप अचानक बंद पडतो
>
> महोदय,
> माझा लॅपटॉप (मालमत्ता क्रमांक …) सोमवार, ९ जूनपासून दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो. त्या वेळी चार्जर लावलेला नसतो आणि बॅटरी ४० टक्क्यांच्या आसपास दिसते. कोणतीही सूचना येत नाही, पॉवरचा दिवाही विझतो. चार्जर लावल्यावर लॅपटॉप लगेच सुरू होतो आणि चार्जर असेपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही.
> मी लॅपटॉप रिस्टार्ट केला आणि दुसऱ्या चार्जरने चार्ज करूनही पाहिला. फरक पडला नाही. शेवटचा प्रकार बुधवारी सकाळी ११.४० ला घडला. बॅटरी रिपोर्ट सोबत जोडला आहे.
> सध्या मी चार्जर लावूनच काम करत आहे. शुक्रवारी दुपारी २ वाजता बाहेरची बैठक आहे, त्याआधी बॅटरी तपासावी किंवा पर्यायी लॅपटॉप द्यावा, ही विनंती.

‘लवकरात लवकर’ मुद्दाम काढलं आहे. ते प्रत्येक तक्रारीत असतं. शुक्रवार दुपारची बैठक वाचून मात्र तुमची तक्रार कधीपर्यंत हाताळायला हवी ते ठरवता येतं. चार्जरबद्दलचं ‘एकदाही नाही’ हे वाक्य खरं असेल तरच ठेवा. चार्जर लावूनही बंद पडत असेल तर बॅटरीबरोबर उष्णता, रॅम, मदरबोर्ड हेही तपासावं लागतं.

आणि पाठवण्याआधी लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून बघा. टचपॅड वर आलेला असेल, त्याचं क्लिक घट्ट झालं असेल किंवा लॅपटॉप डगमगत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आणि मेलची वाट न बघता हेल्पडेस्कला फोन करा.