भाडे ठरवताना मालकांशी काय बोलावे?

प्रश्न : विश्रामबागेत (सांगली) दोन बेडरूमचा फ्लॅट आवडला आहे. मालक १३,००० रुपये भाडे आणि ५०,००० डिपॉझिट सांगतात. फ्लॅट दोन महिने रिकामा आहे. आम्ही निदान दोन वर्षे राहू. भाडे किती कमी करून मागावे?

उत्तर : टोकन अजून दिलेले नसेल, तर ते बोलणी संपेपर्यंत देऊ नका, टोकन एकदा हातात पडले की मालकांना आपले ऐकण्याची गरज उरत नाही.

सर्वप्रथम तुलना नीट करून घ्या. जाहिरातीतला आकडा हा मालकांनी मागितलेला असतो, ठरलेला नसतो. म्हणून त्याच सोसायटीत किंवा शेजारच्या इमारतीत सध्या राहणारे भाडेकरू प्रत्यक्ष काय देतात, हे वॉचमनकडून किंवा त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे. मजला, लिफ्ट, पार्किंग आणि मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा, एवढे जुळले तरच ती तुलना खरी. गावभागातल्या तळमजल्याचे भाडे मालकांसमोर ठेवू नका. २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाला तिथले भाडे कमी का, हे सांगावे लागत नाही, आणि तुमचा मुद्दाच हलका होतो.

तुमचा खरा आधार रिकामा फ्लॅट हा आहे. तुम्ही १२,००० म्हणालात, तर ११ महिन्यांत मालकांचे ११,००० कमी होतील. पण फ्लॅट आणखी एकच महिना रिकामा राहिला, तर १३,००० जातील. हा हिशेब त्यांना शांतपणे मांडून दाखवावा. मात्र मे-जूनमध्ये बदलीची माणसे घरे शोधत येतात तेव्हा तो लागू पडत नाही, कारण मालकांना दुसरा भाडेकरू आठवडाभरात मिळू शकतो.

दोन वर्षे राहू, असे नुसते तोंडी सांगण्याला किंमत नाही. करार २२ किंवा २४ महिन्यांचा करून पहिले १२ महिने घर न सोडण्याचा लॉक-इन स्वीकारला, तर मधल्या काळातली रंगरंगोटी, दलाली आणि रिकामे दिवस वाचतात, हे मालकांनाही दिसते. बदलीची नोकरी असेल तर हे वचन देऊच नका, आणि लॉक-इन मालकांनाही बंधनकारक आहे ना, ते मसुद्यात तपासा.

भाड्यात १,००० सुटले नाहीत, तर ५०० वर थांबून बाकीचे दुसरीकडून मागावे : रंगकामाच्या दहा-पंधरा दिवसांचे भाडे धरू नये, गिझर आणि खिडक्यांच्या जाळ्या मालकांनी बसवाव्यात, दुसऱ्या वर्षीची वाढ दहाऐवजी पाच टक्के असावी. यांपैकी दोन गोष्टी सहसा मिळतात. डिपॉझिट निम्मे करा किंवा नवे किचन बसवा, असे मागितले तर बोलणे तिथेच तुटते. मी स्वतः जाळ्यांचे वचन तोंडी घेतले होते आणि शेवटी त्या माझ्याच खर्चाने बसवल्या, म्हणून जे ठरेल ते लिव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्या आणि त्याची नोंदणीही करून घ्या. कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकांची असते.