उष्टावणाचा बेत: आधी बाळाचा मऊ भात, मग पाहुण्यांचं पान

पुढच्या रविवारी बाळाचं उष्टावण घरीच करतोय. पंचवीसेक माणसं असतील. जेवणात काय ठेवावं, आणि बाळाला नक्की काय भरवावं?

बाळाला साधा मऊ भात भरवा. सहा महिने पूर्ण झालेत ना, आणि मान धरून आधाराने बसतंय ना, एवढं आधी बघा.

दोन मोठे चमचे आंबेमोहोर आणि एक चमचा मुगाची डाळ धुऊन अर्धा तास भिजत घाला. दीड वाटी पाणी घालून लहान डब्यात, कुकरला पाच-सहा शिट्ट्या करा. मीठ, साखर, हिंग, काहीही नको. गरम असतानाच बारीक गाळणीतून दाबून काढा आणि अर्धा चमचा साजूक तूप घाला. चमचा तिरका केल्यावर भात हळूहळू घसरून पडला पाहिजे. पाण्यासारखा ओघळला तर पातळ झालाय, चिकटून राहिला तर घट्ट.

आमच्या लेकीच्या वेळी मामाची गाडी उशिरा आली आणि तासाभरात भाताचा गोळा झाला. तो बाजूला ठेवून नव्याने कुकर लावला, मग सगळं नीट झालं. म्हणून डाळ-तांदूळ भिजवून तयार ठेवा आणि कुकर मामा दारात आल्यावरच लावा.

सासूबाईंना खीरच हवी होती. मी त्याच भातात आईचं दूध कालवून चांदीच्या वाटीत दिलं, साखर न घालता. त्यांना ते मनापासून पटलं. मध मात्र कुणाच्याही आग्रहाने देऊ नका, चाटवूही नका. त्यात असणाऱ्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. प्रसादाच्या पंचामृतातही मध असतो, तेव्हा त्याचं बोट बाळाच्या तोंडाला लागणार नाही याकडे एका माणसाने लक्ष ठेवा.

त्या दिवशी नवीन पदार्थ हा एकच ठेवा. नंतर अंगावर पुरळ उठलं किंवा उलट्या झाल्या तर कशाने झालं ते कळतं. ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. दोन-तीन छोटे घास पुरेत. तोंड फिरवलं की थांबा. वेळ सकाळची, झोप झाल्यावरची धरा. फार भुकेलं बाळ चमच्यावर रडतं.

मोठ्यांचं पान सोपं ठेवा: मसालेभात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, अळूवडी, श्रीखंड आणि मठ्ठा. पंचवीस जणांना तांदूळ दीड किलो, पुरीला कणीक दोन किलो, श्रीखंड दोन किलो पुरतं. अळूवडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून ठेवा, सकाळी फक्त कापून तळायच्या. पुऱ्या तळायला दुसरं कुणीतरी ठरवा, कारण घास भरवताना आईने बाळाजवळच बसायला हवं. आमच्याकडे ते काम आत्याने घेतलं होतं.